डोळे पिवळे, लघवी गडद: कावीळ कशी ओळखायची आणि पहिल्या दोन दिवसांत काय करायचं

कावीळ झाली की घरातला प्रत्येक जण आधी बिलिरुबिनचा आकडा विचारतो. 'किती आलंय? सहा? मग फार नाही.' हा आकडा बघायलाच हवा, पण यकृत किती धोक्यात आहे हे तो सांगत नाही. ते सांगणारी चाचणी वेगळी आहे. तिचं नाव पीटी-आयएनआर, ती रक्त गोठायला किती वेळ लागतो हे मोजते, आणि बऱ्याचदा नेमकी तीच करायची राहून जाते. हा लेख मोठ्या माणसाला नव्याने झालेल्या काविळीबद्दल आहे. ती घरी कशी ओळखायची, कधी थेट रुग्णालय गाठायचं, पहिल्या दिवशी कुठल्या चाचण्या करून घ्यायच्या आणि रिपोर्ट हातात आला की कशावर आधी नजर टाकायची, एवढंच यात आहे.

पिवळेपणा येतो कुठून

रक्तातल्या लाल पेशी साधारण 120 दिवस जगतात. त्या मोडल्या की त्यांच्यातल्या हिमोग्लोबिनपासून बिलिरुबिन नावाचा पिवळा पदार्थ तयार होतो. हा पदार्थ पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे तो मूत्रपिंडातून गाळला जाऊन लघवीत येऊ शकत नाही. यकृत त्याच्यावर प्रक्रिया करून त्याला पाण्यात विरघळणारं रूप देतं आणि पित्तावाटे आतड्यात सोडतं. तिथले जिवाणू त्याचं रूपांतर करतात आणि त्यातूनच शौचाला नेहमीचा तपकिरी रंग येतो.

रिपोर्टवर 'इनडायरेक्ट' लिहिलेलं असतं ते प्रक्रिया न झालेलं बिलिरुबिन आणि 'डायरेक्ट' म्हणजे यकृताने प्रक्रिया केलेलं. लघवीत उतरू शकतं ते फक्त डायरेक्ट. हा एक धागा पक्का धरला की पुढचं बरंचसं आपोआप उलगडतं. लघवी गडद होते याचा अर्थ यकृताने आपलं काम काही प्रमाणात केलं, पण तयार झालेलं बिलिरुबिन पित्तातून पुढे न जाता रक्तात परतलं. म्हणजे एक तर यकृताच्या पेशी सुजल्या आहेत किंवा पित्ताची वाट कुठेतरी अडली आहे.

डोळे कसे बघायचे

पिवळ्या बल्बच्या उजेडात कावीळ हमखास नजरेतून निसटते. खिडकीपाशी किंवा दारात, दिवसाच्या उजेडात बघा. रुग्णाला खाली बघायला सांगा आणि वरची पापणी बोटाने हलकेच उचला. बुबुळाच्या वरचा, एरवी झाकलेला पांढरा भाग दिसेल. खरी कावीळ असेल तर हा सगळा भाग सारखाच पिवळा दिसतो आणि दोन्ही डोळ्यांत दिसतो. फक्त नाकाकडच्या किंवा कानाकडच्या कोपऱ्यात पिवळट उंचवटा असेल, किंवा वर्षानुवर्षं डोळे थोडे मळकट दिसत असतील, तर ती बहुधा कावीळ नसते. तळहात पिवळे पण डोळे पांढरेशुभ्र असतील तर त्याचं कारण बहुतेक आहारातलं कॅरोटिन असतं.

रक्तातलं एकूण बिलिरुबिन साधारण 1.2 मिलिग्रॅमपर्यंत (दर 100 मिलिलिटरला) सामान्य धरतात. डोळ्यांत पिवळेपणा सहज दिसायला ते अडीच ते तीनपर्यंत चढावं लागतं. म्हणजे डोळे पिवळे दिसेपर्यंत आजार काही दिवस आधीच सुरू झालेला असतो. म्हणूनच 'आजच पिवळे दिसले, दोन-चार दिवस वाट बघू' हा हिशेब मला पटत नाही. ते दोन-चार दिवस आधीच उलटून गेलेले असतात.

लघवी आणि शौच: याकडे जास्त लक्ष द्या

विषाणूजन्य हिपॅटायटिसमध्ये, म्हणजे विषाणूमुळे यकृताला सूज येते तेव्हा, लघवीचा रंग बहुतेक वेळा डोळ्यांच्या आधी बदलतो. चार-पाच दिवस बारीक ताप, मळमळ, अन्नावरची वासना उडालेली, उजव्या बरगडीखाली जडपणा, आणि मग एका सकाळी लघवी काळ्या चहासारखी. डोळे तोवर पांढरेच असू शकतात.

पाणी कमी प्यायल्यानेही लघवी गडद होते, हे खरं आहे. फरक ओळखायला दोन गोष्टी बघा. तीन-चार ग्लास पाणी प्यायल्यावर पुढच्या दोन-तीन वेळची लघवी फिकी झाली तर कारण बहुधा पाण्याची कमतरता. भरपूर पाणी पिऊनही रंग तसाच गडद राहिला तर तपासणी हवी. दुसरं, लघवी पारदर्शक बाटलीत घेऊन हलवा. बिलिरुबिन असेल तर फेससुद्धा पिवळा दिसतो, एरवी तो पांढरा असतो. ही घरची खूण आहे, तिच्यावर निदान ठरवू नका, पण तपासणीला जायचं की नाही हे ठरवायला ती पुरते. काही औषधांनीही रंग बदलतो. रिफाम्पिसिनने लघवी नारिंगी होते, बी जीवनसत्त्वाच्या गोळ्यांनी झगझगीत पिवळी होते. मात्र रिफाम्पिसिन घेणाऱ्याला त्या औषधामुळेच कावीळही होऊ शकते, त्यामुळे 'गोळीचा रंग असेल' म्हणून सोडून देण्याआधी दिवसाउजेडी डोळे नक्की बघा.

शौचाचा रंगही बघायला हवा. आपल्याकडून हे सांगितलं जात नाही, कारण संकोच वाटतो, पण डॉक्टरांना ही माहिती फार उपयोगी पडते. शौच फिकट, मातकट पांढरं होत असेल तर पित्त आतड्यात पोहोचत नाही. ते सलग तसंच राहिलं, सोबत अंगाला खाज असेल, तर पित्तनलिकेत खडा किंवा गाठ असण्याची शंका वाढते. हिपॅटायटिसमध्येही काही दिवस शौच फिकट होऊ शकतं, म्हणून एवढ्यावरून निष्कर्ष काढायचा नाही.

उलट बाजूही सांगतो. डोळे पिवळे आहेत पण लघवी नेहमीसारखी आहे, तर वाढलेलं बिलिरुबिन बहुधा इनडायरेक्ट आहे. उपाशी राहिल्यावर किंवा तापात डोळे किंचित पिवळे होणं, यकृताचे बाकी सगळे रिपोर्ट सामान्य असणं, असं वारंवार होत असेल तर तो गिल्बर्ट सिंड्रोम असू शकतो. तो जन्मजात असतो आणि त्याने यकृत बिघडत नाही. पण डोळ्यांसोबत फिकटपणा, धाप, थकवा असेल तर लाल पेशी वेगाने फुटत असण्याची शक्यता असते. ते वेगळं प्रकरण आहे आणि त्यालाही त्याच दिवशी रक्ततपासणी लागते. अशा वेळी लघवी लालसर-काळी झाली तर ते हिमोग्लोबिन असू शकतं आणि मग अजिबात थांबायचं नाही.

कधी थेट रुग्णालयात जायचं

साध्या काविळीत रक्ततपासणी त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी व्हावी. पण पुढच्या परिस्थितीत दवाखान्याची वेळ बघत बसू नका, तातडीच्या विभागात जा.

पहिली खूण मेंदूची आहे, आणि तीच घरात सगळ्यांत उशिरा ओळखली जाते. यकृत निकामी होऊ लागलं की शरीरातली विषारी द्रव्यं मेंदूपर्यंत पोहोचतात. सुरुवात बेशुद्धीने होत नाही. माणूस रात्री टक्क जागा राहतो आणि दिवसभर पेंगतो. उगाच चिडतो, एरवी शांत असणारा ओरडतो, तोच प्रश्न पुन्हा विचारतो, आजचा वार चुकवतो. अक्षर वेडंवाकडं येतं. हात समोर ताणून, पंजे वर वळवून धरायला सांगितले तर ते राहून राहून खाली झुकतात. घरच्यांना वाटतं, अशक्तपणा आहे, झोप झालेली नाही. कावीळ असलेल्या माणसाच्या वागण्यात असा बदल दिसला तर मध्यरात्र असली तरी निघायचं.

दुसरी खूण रक्तस्रावाची. हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, मार न लागता काळेनिळे डाग, रक्ताची उलटी, डांबरासारखं काळं शौच. तिसरी, थंडी वाजून ताप, पोटाच्या वरच्या उजव्या भागात दुखणं आणि कावीळ हे तिन्ही एकत्र. अडलेल्या पित्तनलिकेत जंतुसंसर्ग झाल्याची ती खूण आहे आणि त्यात काही तासांत रक्तदाब कोसळू शकतो. याशिवाय उलट्या इतक्या की पाणीही टिकत नाही, लघवी खूप कमी झाली, पोट फुगून आलं, तरीही दाखल व्हावं लागतं.

गरोदर स्त्रीला कावीळ झाली तर ती कितीही सौम्य दिसो, त्याच दिवशी रुग्णालय. हिपॅटायटिस ई एरवी आपोआप बरा होणारा आजार आहे, पण गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत त्यात मृत्यूचं प्रमाण 20 ते 25 टक्क्यांपर्यंत जाऊ शकतं. गरोदरपणामुळे होणारे यकृताचे आजार याहून वेगळे, आणि त्यांतल्या काहींत बाळंतपण लवकर करणं हाच उपचार असतो.

बाळांची कावीळ हा स्वतंत्र विषय आहे, पण दोन गोष्टी इथेच सांगायला हव्यात. जन्मानंतर पहिल्या 24 तासांत दिसणारी कावीळ कधीच 'नेहमीची' नसते. आणि दोन आठवड्यांनंतरही कावीळ टिकली, शौच पांढरट आणि लघवी पिवळी-गडद असेल, तर पित्तनलिका बंद असण्याची शक्यता ताबडतोब तपासावी लागते, कारण त्यावरची शस्त्रक्रिया साधारण 60 दिवसांच्या आत झाली तर जास्त यशस्वी होते.

निघण्यापूर्वी एक यादी करा

गेल्या तीन महिन्यांत पोटात गेलेलं प्रत्येक औषध लिहून काढा. डॉक्टरांनी दिलेलं, दुकानातून आणलेलं, जडीबुटीचं, आयुर्वेदिक, वजन कमी करण्याचं, व्यायामशाळेत कुणी दिलेलं पूरक, सगळं. पाकिटंच सोबत न्या. कावीळ औषधानेही होते आणि ती बाहेरून हुबेहूब विषाणूच्या काविळीसारखी दिसते. क्षयरोगाची औषधं (आयसोनियाझिड, पायराझिनामाइड, रिफाम्पिसिन) यात ठळक आहेत. ती घेणाऱ्याचे डोळे पिवळे झाले तर पुढचा डोस घेण्याआधी त्याच दिवशी उपचार देणाऱ्या डॉक्टरांना गाठा. बहुतेकदा ती थांबवून नंतर एकेक करून परत सुरू केली जातात.

पॅरासिटामॉलबद्दल वेगळं सांगतो. मोठ्या माणसाला दिवसाला 4 ग्रॅम ही कमाल मर्यादा मानतात. तापाची गोळी, सर्दीची गोळी आणि अंगदुखीची गोळी अशी तिन्ही घेतली तर तिन्हींत पॅरासिटामॉल असू शकतं आणि नकळत मर्यादा ओलांडली जाते. जास्त मात्रा पोटात गेल्याची शंका असेल तर कावीळ दिसण्याची वाट बघू नका. त्यावर एन-ॲसिटिलसिस्टीन हा उतारा आहे आणि तो पहिल्या आठ तासांत मिळाला तर यकृत जवळजवळ पूर्ण वाचतं. कावीळ दिसते तोवर ती वेळ निघून गेलेली असते.

हेच तत्त्व जडीबुटीलाही लागू आहे. 'काविळीवरचं औषध' म्हणून मिळणाऱ्या पुड्यांत काय आहे हे बहुतेकदा कुणालाच माहीत नसतं. सुजलेल्या यकृतावर अनोळखी द्रव्याचं ओझं टाकणं धोक्याचं आहे. शिवाय हिपॅटायटिस ए आणि ई बहुतांश लोकांत औषधाविनाच बरे होतात, त्यामुळे त्याच काळात घेतलेल्या कुठल्याही पुडीला श्रेय मिळतं. ज्याची कावीळ औषधाने, खड्याने किंवा हिपॅटायटिस बीने झाली आहे, त्याचे मात्र या नादात मोलाचे दिवस जातात.

पहिल्या दिवशी कुठल्या चाचण्या

यकृताच्या चाचण्यांचा संच म्हणजे एलएफटी. त्यात एकूण, डायरेक्ट आणि इनडायरेक्ट बिलिरुबिन, एसजीपीटी, एसजीओटी, अल्कलाइन फॉस्फेटेज आणि अल्ब्युमिन येतं. पीटी-आयएनआर बहुतेक ठिकाणी या संचात नसतं, ते वेगळं सांगून करून घ्यावं लागतं. त्याचा नमुनाही वेगळ्या नळीत घेतात, त्यामुळे नंतर आठवलं तर पुन्हा सुई टोचावी लागते. सोबत सीबीसी, रक्तातली साखर आणि क्रिएटिनिन. ताप असेल तर डॉक्टर मलेरिया, डेंग्यू, लेप्टोस्पायरोसिस यांच्याही चाचण्या सांगतील, कारण या आजारांतही कावीळ होते आणि त्यांचे उपचार अगदी निराळे आहेत.

विषाणूसाठी पहिल्या फेरीत हिपॅटायटिस बी साठी एचबीएसएजी, सी साठी अँटी-एचसीव्ही, आणि ए आणि ई साठी आयजीएम, म्हणजे ताज्या संसर्गात दिसणारी अँटीबॉडी. पोटाची सोनोग्राफी त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी. तिचं मुख्य काम एका प्रश्नाचं उत्तर देणं आहे: पित्तनलिका फुगली आहे का? फुगली असेल तर वाट अडली आहे आणि पुढचा रस्ता एन्डोस्कोपी किंवा शस्त्रक्रियेकडे जातो. फुगली नसेल तर बहुतेकदा दोष यकृतातच असतो. कावीळ अजिबात न दुखता हळूहळू वाढत असेल, वजन उतरत असेल आणि नळी फुगलेली असेल, तर स्वादुपिंडाच्या किंवा पित्तनलिकेच्या गाठीसाठी सीटी स्कॅन किंवा एमआरआय लांबवू नये.

एक रिपोर्ट वाचून बघू

उदाहरणासाठी 29 वर्षांच्या तरुणाचा रिपोर्ट घेऊ. पाच दिवस ताप आणि मळमळ, चौथ्या दिवसापासून लघवी गडद, सहाव्या दिवशी डोळे पिवळे. त्याच दिवशी रक्त दिलं.

एकूण बिलिरुबिन 6.8, त्यात डायरेक्ट 4.9. एसजीपीटी 1840, एसजीओटी 1320. अल्कलाइन फॉस्फेटेज 168. अल्ब्युमिन 4.1. आयएनआर 1.2.

डायरेक्ट भाग मोठा आहे, म्हणजे लाल पेशी फुटण्याचा आजार मागे पडला. एसजीपीटी आणि एसजीओटी ही यकृताच्या पेशींतली एन्झाइम आहेत, पेशी फुटल्या की ती रक्तात सांडतात. त्यांची सामान्य मर्यादा साधारण 40 ते 50 असते. हजाराच्या वर गेलेला आकडा म्हणजे यकृताला अचानक, मोठा मार बसला आहे. असं मुख्यतः तीन कारणांनी होतं: विषाणू, औषध किंवा विष, आणि यकृताचा रक्तपुरवठा काही काळ कोसळणं. अल्कलाइन फॉस्फेटेज थोडंच वाढलं आहे. नळी अडली असती तर सहसा ते बरंच वर आणि एसजीपीटी त्या मानाने खाली असतं. (खडा नुकताच अडकला असेल तर एक-दोन दिवस एसजीपीटीही खूप उसळू शकतं, म्हणून सोनोग्राफी वगळायची नाही.) मद्यामुळे झालेल्या यकृतदाहात चित्र आणखी वेगळं दिसतं: एसजीओटी हे एसजीपीटीच्या दुपटीच्या आसपास, आणि दोन्ही बहुधा 300-400 च्या आतच.

अल्ब्युमिन चांगलं आहे. ते यकृतात तयार होतं, पण रक्तात अनेक आठवडे टिकतं, त्यामुळे कालपरवा बिघडलेल्या यकृतात ते लगेच घटत नाही. पहिल्याच रिपोर्टमध्ये ते खूप कमी दिसलं तर आजार जुना असावा, हे डॉक्टरांच्या ध्यानात येतं.

आता आयएनआर. रक्त गोठवणारे बहुतेक घटक यकृत बनवतं आणि त्यांतल्या सातव्या घटकाचं आयुष्य अवघं काही तासांचं असतं. यकृताने उत्पादन थांबवलं की एक-दोन दिवसांत रक्त गोठायला वेळ लागू लागतो आणि आयएनआर वाढतो. म्हणून यकृत आज काम करतंय की नाही हे तोच सांगतो. सामान्य आयएनआर 1 च्या आसपास असतो. 1.5 किंवा त्याहून जास्त झाला तर यकृताची ताकद घटली आहे, आणि त्यासोबत मेंदूवर परिणामाची कुठलीही खूण दिसली तर तिला तीव्र यकृत निकामी होणं म्हणतात. त्या टप्प्यावर रुग्ण यकृत प्रत्यारोपणाची सोय असलेल्या केंद्रात असायला हवा, आणि तिथे नेणं जितकं लवकर तितका प्रवास सुरक्षित.

या तरुणाचा आयएनआर 1.2 आहे. शुद्ध नीट आहे, पाणी टिकतंय, साखर ठीक आहे. सोनोग्राफीत नळी फुगलेली नाही. आयजीएम हिपॅटायटिस ए पॉझिटिव्ह, बी आणि सी निगेटिव्ह. त्याला घरी ठेवता येईल, पण एका अटीवर: दोन-तीन दिवसांनी रक्त पुन्हा तपासायचं.

दुसरा रिपोर्ट पहिल्यापेक्षा जास्त सांगतो

तिसऱ्या दिवशी बिलिरुबिन 9.4 झालं. घरचे घाबरले. एसजीपीटी 1100 वर उतरलं, आयएनआर 1.1. हा चांगला रिपोर्ट आहे. पेशी फुटायचं थांबत आलं आहे, यकृत काम करतंय आणि बिलिरुबिन फक्त मागून येतंय. ते आठवडाभर वाढून मग उतरू लागेल.

आता दुसरं चित्र बघा. तिसऱ्या दिवशी एसजीपीटी 1840 वरून 400 वर आलं, म्हणून सगळे निश्चिंत झाले. पण बिलिरुबिन 16 आणि आयएनआर 2.1. हा अतिशय वाईट रिपोर्ट आहे. एसजीपीटी घटलं ते यकृत सावरलं म्हणून नव्हे, फुटायला पेशीच फारशा उरल्या नाहीत म्हणून. एकट्या एसजीपीटीवर विसंबणारा इथे फसतो आणि फक्त 'रिपोर्ट सुधारतोय' एवढं ऐकून घरी थांबलेल्या कुटुंबाचं मोठं नुकसान होतं. एसजीपीटी उतरतंय, पण आयएनआर चढतोय, अशी जोडी दिसली की त्याच तासाला डॉक्टरांना फोन करा.

एक बारकावा: नळी अडून पित्त आतड्यात न पोहोचल्याने के जीवनसत्त्व शोषलं जात नाही आणि आयएनआर त्यामुळेही वाढतो. के जीवनसत्त्वाचं इंजेक्शन दिल्यावर तो दिवसभरात बराच सुधारला तर यकृताची ताकद शाबूत आहे. सुधारला नाही तर दोष यकृताच्या कारखान्यातच आहे. वॉरफेरिनसारखं रक्त पातळ करणारं औषध सुरू असेल तर आयएनआर मुळातच वाढलेला असतो, ते डॉक्टरांना आधीच सांगा.

बरं होताना आधी भूक परतते, मग लघवी निवळते, डोळे सर्वांत शेवटी. बिलिरुबिनचा काही भाग अल्ब्युमिनला घट्ट चिकटलेला असतो आणि तो लघवीत उतरत नाही, अल्ब्युमिनसोबत आठवडे रेंगाळतो. त्यामुळे लघवी स्वच्छ, भूक चांगली, आयएनआर सामान्य आणि डोळे तेवढे पिवळे, असं दोन-तीन आठवडे चाललं तर घाबरू नका.

कुठला हिपॅटायटिस, यावर पुढचं सगळं ठरतं

ए आणि ई हे दूषित पाणी आणि अन्नातून येतात. लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत ए ला साधारण दोन ते सात आठवडे लागतात, ई ला दोन ते दहा. म्हणून कारण शोधताना कालचं जेवण आठवून उपयोग नाही, महिनाभरापूर्वी कुठलं पाणी प्यायलो ते आठवावं लागतं. हे दोन्ही बहुतांश लोकांत आपोआप बरे होतात. मात्र ज्याचं यकृत आधीच जुन्या आजाराने थकलेलं आहे, त्याला हेच विषाणू कोसळवू शकतात.

बी आणि सी रक्तातून, असुरक्षित लैंगिक संबंधांतून, वापरलेल्या सुयांतून आणि आईकडून बाळाला जातात. बी ची लक्षणं एक ते सहा महिन्यांनी दिसतात. एचबीएसएजी पॉझिटिव्ह आलं म्हणजे संसर्ग आत्ताचाच आहे असं नाही. तो अनेक वर्षांचा असून आज अचानक भडकलेला असू शकतो, किंवा बी जुना आणि आजची कावीळ ए किंवा ई ची असू शकते. हा फरक करायला आयजीएम अँटी-एचबीसी ही चाचणी मदत करते. तो केला नाही तर उपचार चुकतात, कारण भडकलेल्या जुन्या बी वर विषाणूरोधक गोळ्या वेळेत सुरू कराव्या लागतात.

सी मध्ये आणखी एक अडचण आहे. त्याची अँटीबॉडी रक्तात दिसायला अनेक आठवडे लागू शकतात, म्हणून ताज्या काविळीत अँटी-एचसीव्ही निगेटिव्ह आली तरी शंका असल्यास विषाणूचं आरएनए तपासतात. तपासणं वाया जात नाही: सी वर आज 8 ते 12 आठवड्यांच्या गोळ्यांनी 95 टक्क्यांहून अधिक लोक पूर्ण बरे होतात.

सगळ्या विषाणूंच्या चाचण्या निगेटिव्ह, औषधाचा इतिहास नाही आणि एसजीपीटी तरीही हजारात, तर शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर उलटते तो ऑटोइम्यून हिपॅटायटिस आणि तरुणांत यकृतात तांबं साचण्याचा विल्सन आजार तपासावा लागतो. दोन्हींवर औषधं आहेत आणि दोन्ही 'कावीळच आहे, जाईल' म्हणून निसटतात.

घरी असताना

भूक लागेल तसं, थोडं थोडं आणि वारंवार खाऊ द्या. तेल-तूप पूर्ण बंद करून नुसत्या साखरपाण्यावर ठेवण्याला आधार नाही, त्याने अशक्तपणा वाढतो. मळमळ असेल तर तेलकट नकोसं वाटतं, तेव्हा नको, एवढाच नियम. मद्य पूर्ण बंद. वेदनाशामक, झोपेची गोळी किंवा गुंगी आणणारं उलटीचं औषध स्वतःहून देऊ नका. झोपेच्या गोळीने मेंदूवरच्या परिणामाची खूण झाकली जाते आणि यकृतावर ताण येतो तो वेगळाच. रोज सकाळी एका वहीत चार गोष्टी लिहा: लघवीचा रंग, शौचाचा रंग, ताप, आणि रात्रीची झोप. शक्य असेल तर रुग्णालाच त्या वहीत तारीख आणि सही करायला लावा. अक्षर बिघडलं तर दोन पानं शेजारी ठेवून ते लगेच दिसतं.

ए असेल तर कावीळ दिसल्यापासून निदान आठवडाभर रुग्णाने इतरांसाठी स्वयंपाक करू नये आणि शौचानंतर साबणाने हात धुण्यात हयगय नको. घरात ज्यांना आधी ए झालेला नाही किंवा लस मिळालेली नाही, त्यांना संपर्कानंतर दोन आठवड्यांच्या आत लस देता येते, त्याबद्दल डॉक्टरांना त्याच भेटीत विचारा. बी असेल तर जोडीदार, मुलं, भावंडं आणि आई यांची एचबीएसएजी करून घ्या आणि निगेटिव्ह असणाऱ्यांचं लसीकरण पूर्ण करा. दाढीचं पातं, दात घासण्याचा ब्रश, नखं कापायचं साधन वेगळं ठेवा. एकत्र जेवल्याने, मिठी मारल्याने किंवा एकाच खोलीत राहिल्याने बी पसरत नाही, त्यामुळे रुग्णाला ताटावेगळं करू नका.

बी च्या रुग्णाची एचबीएसएजी सहा महिन्यांनी पुन्हा करायची असते. मोठ्या माणसांपैकी बहुतेकांची तोवर निगेटिव्ह येते. ज्यांची येत नाही, त्यांचा संसर्ग कायमचा झालेला असतो आणि त्यांना नियमित तपासणी लागते. डोळे पांढरे झाल्यावर ही तारीख सगळेच विसरतात, म्हणून ती घरी आलेल्या पहिल्याच दिवशी फोनमध्ये टाकून ठेवा.